मॅडम, शिफारसपत्र द्याल का? – मागायचं पत्र आणि त्यासोबतचं टिपण

(या भागाचं लेखी रूप. बोलण्याच्या ओघात आलेली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

परदेशी शिष्यवृत्त्यांच्या अर्जांचा मोठा हंगाम ऑक्टोबरात सुरू होतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. अर्ज कसा भरायचा, हेतुपत्र कसं लिहायचं, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला आज बोलायचंय ते एका वेगळ्याच पत्राबद्दल. हे पत्र अर्जाला जोडायचं नसतं, ते कुठली निवड समिती वाचत नाही. आपल्या जुन्या शिक्षकांना ‘माझ्यासाठी शिफारसपत्र लिहाल का’ असं विचारणारं हे पत्र. शिफारसपत्र चांगलं उतरणार की पाणचट, हे पुष्कळदा याच पत्रावर ठरतं.

मी रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. त्यामुळे हा विषय मी मागणाऱ्याच्या नाही, लिहिणाऱ्याच्या खुर्चीतून बघितलाय. अजूनही वर्षाला चार-पाच मुलंमुली फोन करतात, आणि फोन ठेवल्यावर मला जे शोधत बसावं लागतं तेच आज तुम्हाला सांगणार आहे.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे ‘शिफारस’ म्हटलं की वशिला आठवतो. साहेबांची चिठ्ठी, आमदारांचं पत्र, ‘आपला माणूस आहे, बघा जरा’. म्हणून मुलं शिक्षक शोधताना हुद्दा बघतात. ज्यांनी एक तासही शिकवलेलं नाही अशा प्राचार्यांकडे जातात, किंवा ओळखीच्या कुणा मोठ्या अधिकाऱ्याकडे. दुसऱ्या टोकाला काही जणांना वाटतं की हा बोनाफाईडसारखा एक दाखला आहे, ऑफिसात अर्ज टाकला की शिक्का मारून मिळेल. महाडीबीटीवरच्या शिष्यवृत्त्यांना जातीचा, उत्पन्नाचा, अधिवासाचा दाखला लागतो, त्याची सवय झालेली असते ना! पण शिफारसपत्र म्हणजे दाखलाही नव्हे आणि चिठ्ठीही नव्हे. ती साक्ष असते. या विद्यार्थिनीला काम करताना मी स्वतः पाहिलंय, आणि जे पाहिलं ते असं होतं, एवढं सांगणारी साक्ष.

याचं एक जुनं उदाहरण मला फार आवडतं. लंडनमध्ये श्यामजी कृष्ण वर्मांनी हिंदी विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या. अट अशी की घेणाऱ्याने पुढे ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. १९०६ साली विनायक दामोदर सावरकरांनी अर्ज केला आणि त्यांच्यासाठी टिळकांनी श्यामजींना लिहिलं. त्या पत्रात टिळक आधी मोकळेपणाने म्हणतात की अर्जांची एवढी गर्दी असताना एकाचीच शिफारस करण्यात काही अर्थ नाही. मग सांगतात की हा तरुण गेल्या वर्षी पदवीधर झाला, स्वदेशीच्या कामात इतका उत्साही होता की कॉलेजच्या चालकांची त्याच्यावर नाराजी झाली, आणि सरकारी नोकरी धरण्याचा त्याचा विचार नाही. राजकारण बाजूला ठेवून नुसतं पत्र म्हणून बघा. एक घडलेली गोष्ट आहे, आणि देणाऱ्याने घातलेल्या अटीला नेमकं उत्तर आहे. ‘हुशार’, ‘होतकरू’ अशा विशेषणांची माळ नाही. आणि मुख्य म्हणजे लिहिणाऱ्याला ती अट ठाऊक होती.

तर, लिहिणाऱ्याला काय ठाऊक असावं लागतं? आजकाल शिक्षकाला बहुतेक वेळा एक लिंक येते. ती उघडली की फॉर्म असतो. तुम्ही या विद्यार्थ्याला किती वर्षं ओळखता, कोणत्या नात्याने? कोणते विषय शिकवले? आजवर शिकवलेल्यांमध्ये हा कुठे बसतो, पहिल्या पाच टक्क्यांत, दहा टक्क्यांत की पंचवीस? स्वतंत्रपणे काम करण्याची क्षमता, लिहिण्याची क्षमता, इतरांबरोबर काम करण्याची क्षमता, प्रत्येकाला खुणा करा. आणि खाली पत्र जोडा. आता मी वर्षाला साठ-सत्तर मुलं धरली तरी एकतीस वर्षांत किती झाली, तुम्हीच हिशेब करा. चेहरा आठवतो, पुढच्या बाकावर बसायची तेही आठवतं, पण कोणत्या वर्षी, कुठल्या पेपरला, प्रकल्पाचा विषय काय, हे आठवत नाही. आणि आठवलं नाही की माणूस विशेषणांकडे वळतो. कष्टाळू, प्रामाणिक, विनम्र. पाणचट पत्रं अशीच तयार होतात. त्यात शिक्षकाचा दुष्टपणा नसतो, हाताशी काही नसतं एवढंच.

आता एक खरं प्रकरण घेऊ. मुलीची परवानगी घेतली आहे, नाव अर्थातच सांगत नाही. राजपुरीच्या खाडीकाठची मुलगी. २०२० ला आमच्याकडून बीएस्सी झाली, मग मुंबईला एमएस्सी, मग दोन वर्षं नोकरी. समुद्रजीवशास्त्रातल्या इरास्मस मुंडुस पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अर्ज करत होती. ही युरोपीय संघाची शिष्यवृत्ती. किमान तीन देशांतली विद्यापीठं मिळून एक अभ्यासक्रम चालवतात आणि निवड झालेल्याला महिन्याला १४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त चोवीस महिने. किती पत्रं लागतील हे ज्या त्या अभ्यासक्रमाच्या नियमांवर असतं. बहुतेक ठिकाणी दोन मागतात. फुलब्राइट-नेहरूच्या पदव्युत्तर फेलोशिपला तीन लागतात. हिला दोन हवी होती.

तिचा पहिला मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर आला. ‘रिस्पेक्टेड मॅम, आय नीड रेकमेंडेशन लेटर फॉर स्कॉलरशिप. प्लीज गिव्ह. लास्ट डेट इज मंडे.’ तो दिवस गुरुवार होता. खाली हात जोडल्याचं चित्र. मी फोन केला आणि विचारलं, ‘बाळा, कुठली शिष्यवृत्ती, कशासाठी, आणि माझ्याकडूनच का?’ तेव्हा कळलं की सोमवार ही तिने स्वतःच ठरवलेली तारीख होती. खरी मुदत पाच आठवडे लांब होती. म्हटलं, मग नीट पत्र लिही. मराठीत लिही. मला काय काय लागेल ते मी सांगते.

मराठीत का, तेही सांगते. जुन्या शिक्षकांना मागणी करताना मुलं इंग्रजीत शिरली की एकदम कचेरीतली भाषा येते, ‘आय वुड बी हायली ग्रेटफुल’ वगैरे, आणि त्यामागे सांगायची गोष्ट हरवते. तीच मुलगी मराठीत लिहिते तेव्हा ‘मॅडम, तुम्ही तेव्हा म्हणाला होतात’ असं लिहिते, आणि मला ती सकाळ आठवते. पुढे पत्र इंग्रजीतच जाणार असतं, म्हणून विषयांची अधिकृत नावं, प्रकल्पाचं शीर्षक, अभ्यासक्रमाचं नाव एवढं मात्र इंग्रजीत जसंच्या तसं द्यावं. त्यात माझ्या भाषांतराची भर नको. आणि मायना साधा ठेवा. ‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार’ पुरे. ‘तीर्थरूप’ घरच्या वडीलधाऱ्यांना लिहितात. एका मुलाने मला तीर्थरूप केलं होतं, त्याचं पत्र मी अजून जपून ठेवलंय.

तिने चार दिवसांनी पाठवलेलं पत्र असं होतं. तिची ओळख पटेल असे तपशील काढलेत, बाकी तिचंच आहे.

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार.

मी २०१७ ते २०२० या काळात आपली विद्यार्थिनी होते. तिसऱ्या वर्षाला आपण आम्हाला परिसंस्थाशास्त्र शिकवलंत आणि माझा प्रकल्पही आपल्याच मार्गदर्शनाखाली झाला. राजपुरी खाडीतल्या तिसऱ्यांची मोजणी, नोव्हेंबर २०१९ ते फेब्रुवारी २०२०. वर्गात खिडकीजवळ बसणारी आणि होडीतून येते म्हणून पहिल्या तासाला कधीकधी उशीर होणारी, ती मी.

सागरी जैवसंपत्तीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी इरास्मस मुंडुस शिष्यवृत्तीला अर्ज करते आहे. त्यांना दोन शिफारसपत्रं हवी आहेत. एमएस्सीचे माझे मार्गदर्शक प्रयोगशाळेतल्या कामाबद्दल लिहिणार आहेत. किनाऱ्यावर, चिखलात उतरून केलेलं माझं काम फक्त आपण पाहिलं आहे, म्हणून आपल्याला विचारते आहे.

अर्जाची मुदत १० जानेवारी आहे. पत्र ३ जानेवारीपर्यंत गेलं तर मला निर्धास्त वाटेल. आपल्या ईमेलवर त्यांच्याकडून एक लिंक येईल, तिथेच पत्र जोडायचं आहे. पत्र एक ते दीड पानाचं असावं असं त्यांनी म्हटलं आहे.

आपल्याला वेळ नसेल, किंवा माझ्याबद्दल पुरेसं लिहिण्यासारखं नाही असं वाटत असेल, तर कृपया मोकळेपणाने सांगावं. मी दुसऱ्या शिक्षकांना विचारीन, मनात काही ठेवणार नाही.

सोबत एक टिपण जोडलं आहे. प्रकल्प अहवालाची प्रत, गुणपत्रकं आणि हेतुपत्राचा मसुदाही आहे. लिंक पाठवायला सांगण्याआधी आपण हो म्हणण्याची वाट पाहते.

आपली विद्यार्थिनी’

आता हे पत्र लिहिणाऱ्याच्या नजरेने वाचा. पहिल्याच परिच्छेदात फॉर्मचे दोन प्रश्न सुटले, किती काळ ओळखता आणि कोणत्या नात्याने. होडीचं वाक्य गमतीचं वाटेल, पण त्यामुळे चेहरा आला, आणि चेहरा आल्यावर पुढचं सगळं येतं. दुसऱ्या परिच्छेदात तिने कामाची वाटणी करून दिली. हे फार कमी मुलांना सुचतं. दोन-तीन शिक्षक असतील तर प्रत्येकाने वेगळी बाजू सांगावी. नाहीतर तिघंही ‘वर्गात नियमित हजर असे’ लिहितात आणि समितीला तीन पत्रांतून एकच माहिती मिळते. हे काम अर्जदारानेच करायचं असतं, कारण आम्ही शिक्षक एकमेकांना विचारत नाही.

‘मोकळेपणाने सांगावं’ हे वाक्य नुसत्या नम्रतेसाठी घातलेलं नाही, बरं का. आपल्याकडे शिक्षकाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं. मग तो हो म्हणतो आणि चार ओळींचं पत्र पाठवतो. ज्याला शिकवल्याचं आठवत नाही त्याच्यासाठी मी लिहिलेलं पत्र त्याला मदत करत नाही, उलट नडतं. वाचणाऱ्याला लगेच समजतं की या बाईला सांगण्यासारखं काही सापडलेलं नाही. म्हणून नकाराची वाट उघडी ठेवा. कुणी ‘बघतो’, ‘आठवण कर’, ‘सध्या जरा गडबड आहे’ असं तीनदा म्हणालं तर ते नाहीच समजा आणि पुढे चला.

आता टिपण. खरी मेख इथे आहे. मी तिला सांगितलं होतं की स्वतःचं कौतुक लिहू नकोस, घडलेल्या गोष्टी लिही. कधी, कुठे, तू काय केलंस, त्याचं पुढे काय झालं. तीन गोष्टी पुरेत. तिने लिहिलेली पहिली गोष्ट अशी होती.

प्रकल्पात एक मीटर लांब-रुंद चौकट चिखलावर टाकून तिच्यातल्या तिसऱ्या मोजायच्या होत्या. दोन जागा, प्रत्येक फेरीत दहा चौकटी. नोव्हेंबरातली पहिली मोजणी तिने कॉलेजच्या सुट्टीच्या दिवशी केली, आणि तो दिवस अष्टमीच्या जवळचा निघाला. म्हणजे भांगाचं पाणी. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या सुमाराला पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही. त्यामुळे खालचा चिखल उघडाच पडला नाही. तिच्या चौकटी वरच्या कोरड्या पट्ट्यात पडल्या आणि तिसऱ्या मोजक्याच मिळाल्या. आकडे घेऊन ती घरी गेली तर आत्या हसली, ‘अष्टमीला कोण जातं गं तिसऱ्यांना?’ मग तिने पंचांग आणि भरतीचं कोष्टक शेजारी ठेवून पुढच्या सगळ्या फेऱ्या अमावस्या-पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत घेतल्या. नोव्हेंबरचे आकडे अहवालातून गुपचूप काढून टाकले नाहीत. वेगळ्या तक्त्यात दिले आणि ते का धरले नाहीत तेही लिहिलं.

हे वाचलं आणि मला ती चर्चा आठवली. मी तेव्हा तिला विचारलं होतं, ‘आत्याचं नाव ऋणनिर्देशात घालशील का?’ आणि तिने घातलं होतं. बघा, ही एकच गोष्ट फॉर्ममधल्या किती रकान्यांना पुरते. स्वतंत्र विचार आहे, चुकीचे आकडे न लपवण्याचा प्रामाणिकपणा आहे, गावातल्या बायकांकडून शिकण्याची तयारी आहे. मी पत्रात ‘प्रामाणिक’ हा शब्द वापरलाच नाही. दोन तक्त्यांची हकीकत लिहिली.

दुसरी गोष्ट तिने लिहिली ती मला मुळीच ठाऊक नव्हती. एमएस्सीनंतर नोकरीत असताना ती सुट्टीत गावी येऊन त्याच दोन जागी पुन्हा मोजणी करून गेली होती, दोन हिवाळे. ती मी पाहिली नव्हती, म्हणून पत्रात मी ‘तिने मला कळवलं आहे’ असं म्हणून एका वाक्यात घातली. हा फरक शिक्षकाने पाळावा आणि मुलांनीही टिपणात दाखवावा. कुठलं मॅडमनी पाहिलंय आणि कुठलं नुसतं ऐकलंय, हे वेगळं दिसू द्या.

तिसरी गोष्ट तिने लिहिलीच नव्हती, मला विचारून काढावी लागली. तिच्या शेवटच्या सत्राचे गुण आधीच्या पाच सत्रांच्या मानाने एकदम घसरलेले होते. गुणपत्रक पाहणाऱ्या कुणालाही ते खटकणार. मी फोनवर विचारलं तर म्हणाली, ‘मॅडम, ते कशाला काढायचं?’ आता आठवा. मार्च २०२० पासून टाळेबंदी. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं. मुरुड, श्रीवर्धन, दिवेआगर, म्हसळा या पट्ट्यात घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, आणि कित्येक गावांत वीज यायला आठवडेच्या आठवडे लागले. तिच्या घराचं छप्पर गेलं होतं, वह्या भिजल्या होत्या. शेवटच्या वर्षाची परीक्षा लांबली आणि अखेर ऑनलाइन झाली. घरात धड वीज नाही, नेटवर्क नाही, आणि पोरगी नातेवाइकांकडे जाऊन मोबाइलवर पेपर देतेय.

हे तिने स्वतः हेतुपत्रात लिहिलं असतं तर सबब वाटली असती. मी लिहिलं तर तो खुलासा होतो, कारण मी त्या वर्षी तिथेच होते आणि त्या वर्गातल्या सगळ्यांचं काय झालं ते मला माहीत होतं. तर गुणपत्रकात खड्डा असेल, वर्ष वाया गेलेलं असेल, तर ते शिक्षकापासून लपवू नका. तारीख आणि कारण द्या, आणि ‘यावर दोन वाक्यं लिहाल का’ असं विचारा. मात्र कारण शिक्षकाला स्वतः ठाऊक असलेलं किंवा पडताळता येण्यासारखं हवं. आणि दोनच वाक्यं. सगळं पत्र संकटांनी भरलं की तिसऱ्या बाजूलाच पडतात.

टिपणात आणखी एक गोष्ट हवी, देणाऱ्याला काय हवंय ती. शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर निवडीचे निकष असतात. कुठे संशोधनाची तयारी बघतात, कुठे नेतृत्व, कुठे परत येऊन देशात काय करणार ते. त्या ओळी उतरवून पाठवा. नुसती लिंक पाठवली तर आमच्यातले निम्मे ती उघडणार नाहीत, खरं सांगते. टिळकांना श्यामजींची अट ठाऊक होती म्हणून ते नेमकं वाक्य लिहू शकले.

आता एक अवघड मुद्दा. बरेच शिक्षक म्हणतात, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि त्याला कारणंही आहेत. इंग्रजीचा संकोच असतो, वेळ नसतो, टायपिंग येत नाही. पण निवड करणारी मंडळी पत्र शिक्षकानेच लिहिलेलं असावं अशी अपेक्षा धरतात. आणि बघा, हेतुपत्र आणि शिफारसपत्र एकाच हाताचं असलं की ते कळतं. तेच शब्द, तीच वळणं, दोन वेगळ्या शिक्षकांच्या पत्रांत सारखीच चूक. शिवाय अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जात एक चौकोन असतो, ‘हे पत्र पाहण्याचा हक्क मी सोडते आहे.’ तिथल्या १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक कागदपत्रं पाहण्याचा हक्क दिला, त्यातून हा चौकोन आला. हक्क सोडलेला असला की पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं धरतात. मग त्यावर खूण करून पत्र स्वतःच लिहिणं म्हणजे उघड खोटं झालं.

पण गावाकडच्या सरांना ‘तुम्हीच लिहा’ असं तोंडावर कसं सांगायचं? इथे टिपण कामाला येतं. ‘सर, मी लिहिलेलं त्यांना चालत नाही, पण सगळे तपशील इथे आहेत. तुम्ही मराठीत सांगा किंवा लिहा, इंग्रजी करायला तुमच्या ओळखीच्या कुणाची मदत घेऊ या.’ बहुतेक सर याला तयार होतात, कारण अडचण इंग्रजीची असते, सांगण्यासारखं नसण्याची नसते. भाषांतर दुसऱ्याने केलं तरी साक्ष त्यांचीच राहते. फक्त ते भाषांतर तुम्ही करू नका.

थोडं तांत्रिक, पटकन सांगते. शिक्षकाचा ईमेल अर्जात भरण्याआधी तो त्यांना विचारून घ्या आणि ते तो उघडतात का तेही विचारा. काही ठिकाणी संस्थेचाच ईमेल मागतात. निवृत्त झाल्यावर तो बंद झालेला असतो, मग साधा जीमेल चालेल का हे आधी अभ्यासक्रमाच्या कार्यालयाला लिहून विचारायचं. कॉलेजचं लेटरहेड निवृत्तांना नेहमी मिळतंच असं नाही. मी साध्या कागदावर पूर्वीचं पद, कॉलेज आणि कोणत्या वर्षापर्यंत होते ते लिहून सही करते, आजवर कुणी परत पाठवलेलं नाही. लिंकची मेल हमखास स्पॅममध्ये जाऊन पडते. म्हणून ज्या दिवशी ती सुटेल त्या दिवशी फोन करा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता सांगा, म्हणजे आम्ही शोधू. आणि पत्र एकदा सादर केलं की बहुतेक ठिकाणी बदलता येत नाही, तेव्हा अभ्यासक्रमाचं नाव आणि तुमच्या नावाचं पासपोर्टवरचं स्पेलिंग टिपणात ठळक द्या. आईचं नाव मध्ये, वडिलांचं मध्ये, आडनाव आधी की नंतर, यात फार गोंधळ होतो.

वेळेचं म्हणाल तर तीन-चार आठवडे आधी विचारा. कोकणात गणपतीच्या दहा दिवसांत कुणाला काही मागू नका, मेल वाचली जाणार नाही. दिवाळी आली की पेपर तपासणी येते. आठवण दोनदा करावी, ठरलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी आणि मग दोन दिवस आधी. ‘मॅडम, झालं का?’ असं विचारू नका. ‘मॅडम, ३ तारीख जवळ आली, माझ्याकडून आणखी काही माहिती हवी आहे का?’ असं विचारा. शिक्षकाला अपराधी वाटलं की तो फोन उचलायचं टाळतो. मदत देऊ केली की उचलतो. आणि स्वतःची तारीख खऱ्या मुदतीच्या आठवडाभर अलीकडे धरा. आमच्याकडे पावसात वीज जाते आणि हिवाळ्यात नेटवर्क, हे तुम्ही किनाऱ्यावरचे असाल तर मी सांगायला नको.

तिचं पत्र मी दोन बैठकांत लिहिलं, एकूण दीड तास. टिपण नसतं तर मला ते जमलंच नसतं, कारण नोव्हेंबर आणि अष्टमी हे तपशील माझ्या डोक्यातून पुसलेले होते. ‘पहिल्या पाच टक्क्यांत’ अशी खूण मी केली नाही, दहा टक्क्यांत केली. त्या एकतीस वर्षांत तिच्याहून हुशार मुलं येऊन गेली आहेत. पण खाली एक ओळ जोडली की किनाऱ्यावरच्या कामात तिच्याइतकी चोख नोंद ठेवणारी मुलं मला फार थोडी भेटली. शिक्षकाने सगळ्या रकान्यांत सर्वोत्तमची खूण केली की कुठलाच रकाना खरा वाटत नाही. तेव्हा तुमच्या शिक्षकांनी एखाद्या ठिकाणी हात आखडता घेतलेला तुम्हाला पुढेमागे कळला तर वाईट वाटून घेऊ नका.

मार्चमध्ये तिचा फोन आला, मुख्य यादीत नाव नाही, राखीव यादीत आहे. ते टिपण तिने जपून ठेवलं होतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या अभ्यासक्रमाला अर्ज करताना तेच पुन्हा पाठवलं, निकषांच्या ओळी बदलून आणि तिसऱ्या हिवाळ्यातल्या मोजणीची भर घालून. मी जुनं पत्र उघडलं, अभ्यासक्रमाचं नाव बदललं, निकषांप्रमाणे मधला परिच्छेद नव्याने लिहिला. पाऊण तास लागला. सध्या ती निकालाची वाट पाहतेय आणि मीही.

पुढच्या भागात हेतुपत्राबद्दल विचारलेल्या प्रश्नांना उत्तरं देईन. तुमच्या टिपणातली एखादी गोष्ट पाठवायची असेल तर नाव-गाव काढून पाठवा.